आठवड्यातून दोनदा स्वयंपाक: एकट्या माणसाची यादी आणि आखणी

वजन ७२ किलो, दिवसभर बैठं काम, भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोन शेगड्या, एकदारी छोटा फ्रिज, ओव्हन नाही. हे धरून, वजन उतरवण्यासाठी दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि ९५ ते १०० ग्रॅम प्रथिनं बसवली आहेत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आकडे डॉक्टरांना दाखवूनच ठरवा.

शनिवारी संध्याकाळची खरेदी

चिकन ब्रेस्ट ९०० ग्रॅम, अंडी १६, साधं दही १ किलो, कमी फॅटचं दूध दीड लिटर.
कोबी ७०० ग्रॅम, गाजर, फरसबी, टोमॅटो, कांदे प्रत्येकी ५०० ग्रॅम, काकडी ४०० ग्रॅम, लिंबं ३. (सोलून-निवडून भाजी पावणेतीन किलोच्या आसपास उरते.)
फळं १४: सात केळी, सात सफरचंदं. केळी थोडी कच्ची घ्या.
तांदूळ ६०० ग्रॅम, मसूर ३६० ग्रॅम, ओट्स २८० ग्रॅम, शेंगदाणे १४० ग्रॅम. हे चार जिन्नस महिन्याचे एकदम आणले तरी चालतं. शेंगदाणे मात्र २० ग्रॅमच्या पुड्या बांधूनच ठेवा, डब्यातून मूठ भरली की हिशेब गेला.

घरी आल्यावर निम्मं चिकन पिशवीत चपटं पसरून लगेच फ्रीझरमध्ये. गोळा करून ठेवलं तर बुधवारी मधोमध बर्फ राहतो.

दिवसाचं ताट (सोमवार ते शनिवार)

सकाळी ओट्स ४० ग्रॅम, दूध २०० मिली, केळं, उकडलेली २ अंडी. दुपारी चिकन १५० ग्रॅम, तांदूळ ६० ग्रॅम, भाजी २५० ग्रॅम. चार वाजता सफरचंद आणि शेंगदाण्यांची पुडी. रात्री मसूर ६० ग्रॅम, तांदूळ ४० ग्रॅम, भाजी २०० ग्रॅम, दही १५० ग्रॅम. दोन्ही जेवणांत तेल प्रत्येकी ५ मिली. चिकन, तांदूळ, मसूर यांची वजनं कच्ची आहेत.

रविवार, सुमारे दीड तास

पहिल्या शेगडीवर ६ अंडी: पाण्याला उकळी आल्यावर १० मिनिटं, मग गार पाण्यात. सोलू नका, कवचासकट जास्त टिकतात. दुसरीवर १८० ग्रॅम मसूर, तिप्पट पाणी, कुकरच्या दोन शिट्ट्या. तेवढ्यात भाजी चिरून होते. काकडी तेवढी आयत्या वेळी चिरा, नाहीतर डब्यात पाणी सुटतं.

अंडी उतरली की ३०० ग्रॅम तांदूळ चढवा. भात शिजल्यावर पातेल्यासकट वजन करा, रिकाम्या पातेल्याचं वजा करा. समजा भात ८४० ग्रॅम भरला, तर दुपारच्या डब्यात १६८ आणि रात्रीच्या डब्यात ११२ ग्रॅम. पातेल्याचं वजन एकदा चिकटपट्टीवर लिहून बुडाला लावलं की दर वेळी शोधाशोध नको. भात ताटात पसरून निववा आणि तासाच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. शिजवूनही न मरणारे जंतूंचे बीजाणू गरम भात बाहेर राहिला की वाढीला लागतात. बुधवारचे दोन डबे थेट फ्रीझरमध्ये.

चिकन ४५० ग्रॅम: लिंबू, मीठ, मिरपूड लावून झाकून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं. सर्वांत जाड तुकडा कापून पाहा, गुलाबी दिसला तर अजून ठेवा. शिजून ते ३३० ग्रॅमच्या आसपास येतं. इथेच अनेकांचा घोटाळा होतो: शिजलेलं १५० ग्रॅम मोजून कच्च्याचे आकडे लिहितात, म्हणजे खाल्लं जास्त आणि नोंदलं कमी.

भाजी शेवटी. फरसबी आणि गाजर किंचित कचरटच उतरवा, गरम करताना पुन्हा शिजतात. तेल बाटलीतून ओतायचं नाही. मोठा चमचा १५ मिली, म्हणजे जवळपास १२० कॅलरी. दोन चमचे जास्त पडले की दिवसभराची काटकसर वाया.

बुधवार संध्याकाळ

मंगळवारी रात्रीच कच्चं चिकन फ्रीझरमधून खालच्या कप्प्यात, तेही खोल भांड्यात, नाहीतर पाणी भाजीवर ठिबकतं. मग रविवारचाच क्रम, गुरुवार ते शनिवारसाठी; शनिवारचा भात फ्रीझरमध्ये. डबा खाताना वाफ निघेपर्यंत गरम करा, आणि एकदा गरम केलेलं परत ठेवू नका.

रविवारी दुपारचं जेवण मोकळं, जे आवडेल ते. रात्री दोन अंड्यांचं ऑम्लेट आणि उरलेला कोबी. सकाळच्या दोन अंड्यांसकट सोळा पूर्ण होतात.

वजन रोज सकाळी, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी. खारट जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा उगाच चढतो. दोन आठवडे सरासरी हललीच नाही तर दोन्ही वेळचा तांदूळ २०-२० ग्रॅमने कमी करा. चिकन, मसूर आणि अंड्यांना हात लावू नका.