काकांच्या डायलिसिसची वेळ बदलतेय, मंगळवार ९ डिसेंबरपासून सकाळी ७

काका नमस्कार, डायलिसिसमधून इन्चार्ज सिस्टर. मेसेज मोठा आहे, सावकाश वाचा नाहीतर काकूंना मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. हाच मेसेज पुण्याला दादांनाही पाठवलाय म्हणजे तिघांनाही एकच माहिती राहील.

आधी मुख्य गोष्ट. मंगळवार ९ डिसेंबर २०२५ पासून तुमचं डायलिसिस सकाळी ७ ला सुरू होईल, ११ ला संपेल. वार तेच, मंगळवार गुरुवार शनिवार. चार तास तेवढेच, योजनेतूनच चालू राहणार, एक रुपयाही जास्त लागणार नाही. शनिवार ६ तारखेपर्यंत मात्र नेहमीच्याच वेळेला म्हणजे साडेअकरालाच यायचंय. चुकून उद्यापासूनच पहाटे निघू नका.

आता का बदलतोय ते सांगते, कारण तीन वर्षं तुम्ही साडेअकराच्या शिफ्टला येताय आणि घरातलं सगळं त्या वेळेवर बसलेलं आहे हे आम्हाला माहितीये. आपल्या आठ मशीनपैकी दोन मशीन आता बंद करतोय, मागच्या महिन्यात तुम्ही स्वतः बघितलंत मधेच अलार्म वाजून दोनदा थांबावं लागलं, अशा मशीनवर पेशंट लावायचा नाही असं डॉक्टरांनी ठरवलंय. नवीन मशीन येतील तेव्हा येतील, तोपर्यंत सहा मशीनवर तीन शिफ्ट बसवायच्यात म्हणजे दुपारच्या शिफ्टमधून दोघांना हलवावंच लागतंय. संध्याकाळी ४ ते ८ ला जागा होती, पण तिथून सुटून, सुईची जागा दाबून, बीपी बघून निघायला साडेआठ-पावणेनऊ होतात, आणि त्या वेळी थकलेल्या माणसाने कोरेगावची गाडी शोधत स्टँडवर उभं राहायचं हे मला पटलं नाही. म्हणून तुमच्यासाठी सकाळची जागा धरून ठेवलीये. पहाटे उठायचा त्रास आहे, तो मी कमी करून सांगत नाही, आणि तो तुमच्यावर येतोय याचं खरंच वाईट वाटतंय.

एक भीती काकूंना वाटेल म्हणून आधीच सांगते, वेळ बदलल्याने मधे जास्त गॅप पडणार नाही. उलट शनिवार ६ ला दुपारी झालं की पुढचं मंगळवारी सकाळीच, म्हणजे दोन दिवसांची ती मोठी गॅप त्या आठवड्यात साडेचार तासांनी कमीच होतेय. पाणी मात्र नेहमीसारखंच मोजून.

आणि सुई. तुमच्या हाताला कोण टोचतंय याचं तुम्हाला किती टेन्शन असतं माहितीये. तुमचे नेहमीचे ब्रदर पहिले दोन आठवडे सकाळच्याच ड्युटीला राहतील, मी स्वतः तशी ड्युटी लावलीये, त्या काळात दुसरी सिस्टर त्यांच्या शेजारी उभी राहून तुमचा फिस्टुला बघून घेईल. शेजारच्या बेडवरच्या गुरुजींची सोबत सुटणार, त्याला माझ्याकडे उपाय नाही काका. त्यांना मी सांगितलं तर तेही गप्प झाले. सहा तारखेला शेवटच्या दुपारी तुम्हाला दोघांना शेजारीच बेड देते.

आता येण्याजाण्याचं. ६:४० पर्यंत सेंटरला पोचलात की वजन, बीपी, हात धुणं होऊन ७ ला मशीन चालू होतं. कोरेगाव स्टँडवर चौकशी केलीये, साताऱ्याची पहिली गाडी पावणेसहाला आहे, ती मिळाली तर सव्वासहा-साडेसहाला पोवई नाक्यावर येता. मधल्या स्टँडपर्यंत जाऊ नका, नाक्यावरच उतरा. गाडीत चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवा की पोवई नाका, डायलिसिसचा पेशंट आहे, म्हणजे ग्रेड सेपरेटरमधून खालून गाडी निघून जाणार नाही. नाक्यापासून आपल्याकडे चालत आठ मिनिटं आहेत पण चढ आहे, आणि मंगळवारी दोन दिवसांचं पाणी अंगात असतं, दम लागतो, तेव्हा सकाळी चालत येऊच नका, रिक्षा करा. नाक्यावर त्या वेळेला एकदोन रिक्षा असतात, नसल्या तर मला फोन करा, आमचे वॉर्डबॉय मामा स्कूटीवर घ्यायला येतील, तसं त्यांच्याशी बोलून ठेवलंय. रेल्वेचा विचार करू नका, आपलं स्टेशन तिकडे माहुलीला, तिथून परत गावात यायला दुसरी गाडी बघावी लागते.

एसटीची तुमची डायलिसिसची सवलत आहे तशीच चालणार, वेळेचा त्याच्याशी संबंध नाही, काकूंना अर्धं तिकीट आहेच. आधार आणि आमचं सर्टिफिकेट दोन्ही एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पहाटे अंधारात शोधाशोध नको.

दुसरा पर्याय मला जास्त बरा वाटतो. कुमठ्याचे एक भाऊ याच शिफ्टला याच तीन दिवशी येतात, ते गावातली इको गाडी ठरवून येतात आणि गाडीत जागा असते. त्यांना विचारलं, ते लगेच हो म्हणाले. तुमच्या वाटणीला येऊनजाऊन ३०० रुपये येतील, काकूंचं धरून. गाडी सहा वाजता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येईल. आठवड्याला ९०० म्हणजे थोडे नाहीत, म्हणून निदान थंडीचे दोन महिने तरी असं करा आणि मग एसटीने या, असं माझं मत आहे, दादांशी बोलून ठरवा. तुमचा नंबर त्यांना अजून दिलेला नाही, तुम्ही हो म्हणालात की देईन.

टू-व्हीलरवर मात्र येऊ नका, पुतण्या सोडतो म्हणाला तरी नको. डिसेंबरात पहाटे धुकं असतं आणि आत्ता ऊसतोड चालू आहे, त्या रस्त्याला डबल ट्रॉल्या मागे लाईट नसताना उभ्या असतात. चारचाकीनेही येताना ड्रायव्हरला सांगा की हळू चालव, दहा मिनिटं उशीर झाला तर सिस्टर ओरडत नाहीत. आणि येऊनजाऊन करायला १०८ बोलवू नका, ती इमर्जन्सीसाठी आहे. पण खरंच दम लागून झोपता येत नसेल, छातीत दुखत असेल, खूप अशक्त वाटून हातपाय उचलत नसतील तर वेळ न बघता १०८ लाच फोन करायचा, आपल्या शिफ्टची वाट बघायची नाही.

उशीर झाला, गाडी चुकली, तर घरी परत जायचं नाही. नुसता याच नंबरवर फोन करायचा. पावणेआठपर्यंत तुमचं मशीन दुसऱ्या कुणाला देणार नाही आणि उशिरा आलात म्हणून तुमचे चार तास कापणार नाही. त्याच्याही पुढे गेलं तर त्याच दिवशी पुढच्या शिफ्टला कुठे बसवता येतंय ते बघते, पण आलेलं डायलिसिस चुकवायचं नाही एवढं माझं ऐका.

जाताना तुम्हाला नक्की बरं पडेल. ११ ला सुटलात की १०-१५ मिनिटं जागा दाबून, वजन करून, उभं राहून बीपी बघून साडेअकरापर्यंत निघाल. आत्ता ४ च्या गाडीला कॉलेजची पोरं असतात, तुम्हाला उभं राहावं लागतं, दुपारच्या गाडीला बसायला मिळतं. जागा नसेल तर ती गाडी सोडा, पुढची घ्या. फिस्टुलाच्या हाताने वरचा दांडा धरू नका, त्या खांद्याला पिशवी नको. रस्त्यात पट्टी ओली झाली तर घाबरू नका, मी जास्तीचा गॉज देऊन ठेवते, दोन बोटांनी नीट दाबून हात वर धरायचा, दहा मिनिटं उघडून बघायचं नाही. तरी थांबलं नाही तर दाब तसाच ठेवून मला फोन करायचा, जवळ असाल तर परत यायचं, लांब गेला असाल तर जवळच्या दवाखान्यात. रक्त जोरात येत असेल तर मात्र वाट बघायची नाही, दाबून धरून सरळ १०८.

औषधांचं सगळ्यात महत्त्वाचं. आत्ता तुम्ही आठ वाजता इन्सुलिन घेऊन, खाऊन येता. पहाटे पाचला ते तसंच घ्यायचं का, किती घ्यायचं, बीपीची गोळी येण्याआधी की नंतर, हे स्वतःच्या मनाने ठरवू नका, पहाटे इन्सुलिन घेऊन नीट खाल्लं नाही तर गाडीतच शुगर खाली येईल. गुरुवारी ४ तारखेला डॉक्टर राऊंडला आहेत, त्यांच्याकडून कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेऊ, काकूंना त्या दिवशी मुद्दाम सोबत आणा. उपाशी यायचं नाही, निघताना एखादी पोळी किंवा थोडा उपमा, चहा अर्धा कप. साखरेची पुडी खिशात राहू द्या. मशीनवर थंडी वाजते आणि सकाळी जास्तच वाजेल, पायमोजे आणि शाल आणा, स्वेटर असा की फिस्टुलाच्या हाताची बाही वर सरकेल.

ही वेळ जमत नसेल तर मंगळवार २ तारखेच्या संध्याकाळपर्यंत स्पष्ट सांगा, संकोच करू नका, नाही म्हणालात म्हणून तुमची जागा जाणार नाही. मग सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या दुपारच्या शिफ्टला जागा होईपर्यंत आपण संध्याकाळचं बघू, आणि रात्री न्यायला दादा किंवा पुतण्या येणार असेल तरच. जमवून बघायचं ठरलं तर दोन आठवडे बघू, शनिवार २० तारखेला तुम्ही, काकू आणि मी बसून बोलू, झोप होतेय का, वजन कसं राहतंय, खर्च किती झाला. दादा फोनवर असले तरी चालेल. दुपारी जागा परत झाली तर पहिलं विचारणं तुम्हालाच, रजिस्टरमध्ये तसं लिहून ठेवलंय.

दादा, तुम्ही एवढं करा, ९ तारखेला पहाटे पाचला काकांना एक फोन लावा, पहिल्या दिवशी तेवढा आधार वाटतो.

काका, मेसेज मिळाला एवढं नुसतं "हो" लिहून कळवा, नाहीतर संध्याकाळी सहानंतर मी फोन करतेच. उद्या नेहमीसारखं साडेअकराला या, इकोचं काय ते उद्याच सांगितलंत तर मी लगेच कुमठ्याला कळवते.