बाळू नव्हं, बाळूचा पोरगा

येळवशीला, म्हणजे रानात जाऊन पुजायच्या वेळ अमावास्येला, लातूर जिल्ह्याला सुट्टी असते, पुण्याला नसते. त्यामुळं दुपारी साडेबाराला मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये राजमा-चावल पुढ्यात घेऊन बसलो होतो आणि आमचं आख्खं घर औशाजवळच्या रानात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी आणि अंबील ओरपत होतं. तेवढ्यात घरच्या ग्रुपवर आज्जीचा मेसेज आला.

"ह्यात कोप दिसायलीय. आत पाच पांडव मांडलेत. डावीकडं उभा हाय तो बाळू नव्हं, बाळूचा पोरगा. औंदा ज्वारी त्याच्या डोक्याच्या वर गेलीय."

फोटो नव्हता. मी वाट बघितली. आमच्या रानात नेटवर्क विहिरीच्या काठावरच धरतं. म्हटलं, अक्षरं हलकी म्हणून आधी पोचली, फोटो मागून येईल. फोटो आला नाही. सुधाकर काकांचा अंगठा आला. मग आत्याचं "खूपच छान". मग सोलापूरच्या दादाचे जोडलेले हात, ते बहुधा पांडवांना.

आज्जीला दिवाळीत फोन घेऊन दिला, तेव्हापासून ती एकेक अक्षर शोधून लिहिते. शाळा चौथीपर्यंतची, पण ऱ्हस्व-दीर्घ आमच्यापेक्षा बरं. बोललेलं आपोआप उमटतं हेही दाखवलं होतं. तिला ते पटलं नाही. "लिवायचंय तर बोंबलायचं कशाला?" म्हणाली. म्हणजे ह्या चार ओळींना तिची निदान पंधरा मिनिटं गेली असणार, तीही उन्हात, डोळे बारीक करून. मी फोन लावला.

"आज्जी, फोटो आला नाही."

"आला नाही कसा? मी लिवलंय की खाली."

"लिहिलेलं आलं. फोटो कुठाय?"

"फोनात हाय. बघून बघूनच लिवलं मी."

आधी मला हसू आलं, मग आलं नाही. आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यातल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर आज्जीनं निळ्या शाईनं लिहून ठेवलंय. तुळजापूर. उजवीकडं ताराबाई. मधलं पोरगं रडलेलं. फोटो कुणाच्याही हातात गेला तरी अक्षरं त्याच्या पाठीला चिकटूनच जायची. फोटो बघायचा, पालटायचा, लिहायचं. तिनं इथंही तेच केलं होतं. फोटो एका खोलीत राहतो आणि लिहिणं दुसऱ्या, ही भानगड फोनवाल्यांची, तिची नव्हे.

"लिहायच्या जागेशेजारी एक वाकडी पिन दिसते का?" मी विचारलं.

"फोन कानाला लावल्यावर मला दिसंल कसं?"

बरोबर होतं. स्पीकर लावायला सांगितलं. स्पीकर लागला आणि सगळं रान माझ्या कॅन्टीनमध्ये शिरलं. कुणी अंबील मागत होतं, कुणी बारक्या पोराला विहिरीकडं जाऊ नको म्हणून ओरडत होतं. त्यात काकू म्हणाली, "त्याला इचार, जेवला का." जेवलो म्हणालो. राजमा सांगितला नाही.

"पिन नाही रे इथं कुठली. साडीची का?"

"नाही, कागदाला लावतात ती. तारेची, दोनदा वळवलेली."

थोडा वेळ काहीच नाही. मग एकदम, "गळ म्हण की! बादली काढायचा गळ."

विहिरीत बादली पडली की दोराला बांधून जो लोखंडी आकडा सोडतात, तो गळ. मी स्क्रीनवर बघितलं. दिसतो खरा तसाच. आणि काम तरी दुसरं काय करतो? खाली कुठं तरी पडलेलं वर ओढून आणतो. इतक्या वर्षांत त्या खुणेला इतकं नेमकं नाव मी ऐकलं नव्हतं.

"तोच. त्याला दाब."

"दाबलं. काही होईना गेलंय."

हाताला उंड्याचं बाजरीचं पीठ होतं, वर खुरप्यानं चिरलेला अंगठा. तो काचेला ओळखू येईना. पदरानं पुसला, परत दाबला, मग करंगळीनं. करंगळीनं उघडलं. "लई चित्रं आली," म्हणाली, आणि मी गॅलरी म्हणेपर्यंत ग्रुपवर गॅसच्या टाकीवाल्याचा नंबर जाऊन पडला. त्यालाही सुधाकर काकांचा अंगठा आला.

दुसऱ्यांदा गळ बरोबर पडला. फोटोंचा ढीग उघडला. त्यात अकरा फोटो एकाच नारळाचे होते. बटण दाबलं गेलंय का नाही ह्याची खात्री होईना म्हणून ती दाबतच राहिली होती. कोपीचा फोटो सापडला. त्याला बोट लावल्यावर तो पडदाभर मोठा झाला.

"आता पाठवायचं नाही," मी घाईनं म्हणालो. "खाली एक रिकामी पट्टी आहे बघ. लिहायचं ते तिच्यात. फोटोच्या पाठीवर लिहितीस, तसं."

"म्हंजे आधी फोटो, मग अक्षरं."

"हां."

"मग मघाशी मी पाठच पाठवली की नुसती!"

आणि हसली. आधीचं लिहिलेलं उचलून इथं टाकता येतं हे सांगणार होतो, पण त्याला आणखी एक फोन लागला असता. शिवाय ती म्हणाली, "थांब, नीट लिवते." फोन सुरूच. मागं पोरं "ओलगे ओलगे सालम पोलगे" करत कोपीभोवती अंबील शिंपडत फिरत होती आणि आज्जी अक्षर शोधता शोधता पुटपुटत होती: ब... काना... ळ कुठं गेला गं... माझा राजमा गार झाला. दीडच्या मीटिंगला मी कॅमेरा बंद ठेवून बसलो.

एक चाळीसला फोटो आला. आधी नुसता धूसर चौकोन, मग वरून खाली उघडत गेला. क्षितिज तिरकं. एका कोपऱ्यात आज्जीचा अंगठा, तांबूस. कोपीच्या तोंडाशी चुन्यानं रंगवलेले पाच दगड, त्यांच्यापुढं हळदी-कुंकू आणि पालथी वाटी. पोरगा मात्र उजवीकडं उभा होता.

रात्री विचारलं. "आज्जी, डावीकडं लिहिलंस. तो तर उजवीकडं आहे."

"तुझ्या उजवीकडं. पांडवांच्या डावीकडं. त्यांच्या दारात उभा राहिलाय का तुझ्या?"

ह्याच्यावर मी काय बोलणार? ज्वारी खरंच त्याच्या डोक्याच्या वर गेली होती.

झोपण्याआधी ग्रुप पाहिला तर आज्जीनं आणखी एक ओळ टाकली होती. हिला तासभर तरी लागला असेल, कारण काना-मात्रा सगळं जागच्या जागी होतं.

"सुधाकर, दुपारी आधी फोटो नव्हताच. तू अंगठा कशाला दिलास?"

पाच मिनिटांनी काकांनी त्यालाही अंगठा दिला.