रेडिओ जाहिरात: शाळेसमोरचं हार्डवेअरचं दुकान

(नळ ठिबकतोय. टप्प… टप्प…)

शेजारीण: अहो वहिनी, रात्रभर ही टपटप ऐकताय ना? लगेच अख्खा नळ बदलायला निघू नका. बहुतेक वेळा आतला वायसर तेवढा झिजलेला असतो, बाकी नळ धडधाकट! आधी पाण्याचा मेन कॉक बंद करा, नळाची मुंडी खोला आणि तो जुना वायसर घेऊनच शाळेसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानात जा. हो, तेच, निळ्या शटरचं. मापाची काळजी नको. काका जुना वायसर नव्यावर ठेवून बघतात, जुळला तरच देतात. टेफलॉन टेप घेतली तर ती आट्यांच्या दिशेनं कशी गुंडाळायची, तेही पाइपच्या तुकड्यावर करून दाखवतात. आणि एकच स्क्रू हवा असला ना, तर एकच देतात हं! अख्खं पाकीट गळ्यात मारत नाहीत. मला तर हेच फार आवडतं.

(टपटप थांबते.)

शेजारीण: सकाळी 9 ते रात्री 8, सोमवारी बंद. घरी नाहीच जमलं, तर काकांना सांगा, ते प्लंबरदादांना पाठवतात.