बचत खाते बंद करून शिल्लक रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग करण्याबाबत

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
राजवाडा शाखा, सातारा

अर्जदार : सौ. सुनंदा महादेव जगदाळे, कोथरूड, पुणे
बचत खाते क्र. ३०५५०१०४४१७

महोदय,

वरील खाते माझ्या एकटीच्या नावावर असून जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका असताना माझा पगार त्यात जमा होत असे. मे २०२२ मध्ये मी सेवानिवृत्त झाले आणि मुलीकडे पुण्याला राहायला आले. निवृत्तिवेतन आपल्याच बँकेच्या कोथरूड शाखेतील खात्यात येते. साताऱ्याच्या खात्यातून मी जून २०२२ नंतर एकही व्यवहार केलेला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ लोटल्याने ते निष्क्रिय झाले असणार. त्यासाठी केवायसीची कागदपत्रे सोबत आणली आहेत. खाते आधी सुरू करून मग बंद करावे लागत असल्यास तसे करावे.

या खात्याला वारस म्हणून मोठ्या मुलाचे नाव लावायचे राहिले आहे. जुनी नोंद माझ्या सासूबाईंच्या नावे आहे आणि त्या आता हयात नाहीत. माझ्यामागे एवढ्या रकमेसाठी मुलांना दाखले गोळा करत फिरावे लागू नये, आणि दहा वर्षे उलटून पैसे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाऊ नयेत, म्हणून नवीन नोंद करण्याऐवजी खातेच बंद करावे असे मी ठरवले आहे.

आज भरून घेतलेल्या पासबुकात १८,६४२ रुपये ५० पैसे शिल्लक दिसते. खाते बंद होईल त्या दिवसापर्यंतचे व्याज त्यात मिळवून संपूर्ण रक्कम माझ्या कोथरूड शाखेतील खाते क्र. ३०५५०२७८१०६ मध्ये वर्ग करावी. रोख रक्कम नको. काही आकार कापला जाणार असेल तर तो कापण्यापूर्वी मला सांगावा.

विम्याचे हप्ते आणि गॅसचे अनुदान कोथरूडच्या खात्याला जोडलेले आहे, त्यामुळे या खात्यावर कोणतीही वसुली येणे बाकी नाही. जुना मोबाईल क्रमांक मात्र बंद झाला आहे. संदेश कोथरूडच्या खात्याला नोंदवलेल्या क्रमांकावर पाठवावा.

आणखी एक विनंती. १ एप्रिल २०२५ पासून खाते बंद होईपर्यंतचा उतारा मला द्यावा. व्याजाची रक्कम प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते आणि खाते बंद झाल्यावर उतारा ऑनलाइन मिळणार नाही. खाते बंद केल्याचे शिक्क्यासह पत्रही मिळावे.

या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच द्यावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
सुनंदा महादेव जगदाळे

सोबत : मूळ पासबुक, न वापरलेले ७ धनादेश, तुकडे केलेले एटीएम कार्ड, आधार व पॅन कार्डाच्या स्वाक्षरी केलेल्या प्रती, कोथरूड खात्याचा रद्द केलेला धनादेश, एक छायाचित्र.