पहिल्या वाद्यवृंदानंतर दोन शब्द

मुख्याध्यापिका बाई, पालकहो आणि माझ्या वादकांनो,

टाळ्या थांबल्यात तोवर बोलून घेतो. मुलांना भूक लागली आहे आणि मागे पोह्यांवरची तर्री गरम आहे, याची मला कल्पना आहे.

आज थंडीनं आमची परीक्षाच पाहिली. गारठ्यात बासरीचा सूर उतरतो. म्हणून आमचे बासरीवाले पडद्यामागे बासऱ्या छातीशी धरून, फुंकर घालून गरम करत बसले होते. पेटीचे सूर काही जागेवर हलवता येत नाहीत, त्यामुळे सगळ्यांनी तिच्याशीच जुळवून घ्यायचं. तबलेवाले हातोडी घेऊन बसले. त्यात नागपूरची कोरडी हवा! व्हायोलिनच्या खुंट्या तिच्यात सैल पडतात.

आणि ती पडलीच. दुर्गा रागातली गत सुरू असताना पुढच्या रांगेतली एक खुंटी सटकली. तुमच्यापैकी किती जणांच्या लक्षात आलं? मागच्या मुलीनं स्वतःचं व्हायोलिन गुपचूप पुढे दिलं आणि बिघडलेलं मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत हसतमुखानं बसून राहिली. हे तिला मी शिकवलं नव्हतं. बाळा, तुझे आभार सगळ्यांत आधी.

दुसरे आभार झांजवाल्याचे. त्याच्या वाट्याला अख्ख्या गतीत मोजून तीन ठोके. तीनतालाची दोन-दोन आवर्तनं, म्हणजे बत्तीस मात्रा, तो बोटांवर मोजत गप्प उभा. एक मात्रा चुकली असती तर सगळ्यात मोठ्यानं तीच ऐकू आली असती! वाजवायला पुष्कळ जण तयार असतात हो. न वाजवता तालात राहणारा मिळणं कठीण. सुरुवातीला आमच्याकडे प्रत्येकाला दुसऱ्याच्या पुढे धावायचं होतं. लय अशी चढायची की शेवटी तबलाच हात टेकायचा.

आता पालकांबद्दल. एक काका मला म्हणाले होते, "सर, पोरगं दिवसभर एकच सूर घासून राहिलं, शेजारी भांडायला येऊन राहिले!" काका, तो सूर आज लागला बरं का. तुम्ही दार लावून घेतलंत, पण वाद्य काढून घेतलं नाहीत. रविवारची झोप मोडून महाल, सक्करदऱ्यापासून स्कूटरवर मुलं आणि मध्ये पेटी, अशी तुम्ही आणून सोडलीत. सहामाहीच्या तोंडावरही तालमी बंद करा असं कुणी म्हणालं नाही. मनापासून आभार. खुर्च्या लावणाऱ्या आमच्या शिपाईकाकांचेही. आज सभागृहाची किल्ली त्यांनी उशिरापर्यंत खिशातच ठेवली.

वादकांनो, उद्या सुट्टी. परवा तालीम आहे, चढत्या लयीचा हिशेब तेव्हा करू. गज सैल करा, तारा पुसा, मग पेट्या बंद करा. आणि पोह्यांचे हात वाद्यांना लावू नका!