‘जे का रंजले गांजले’ : दशमीच्या प्रवचनातल्या पाच शिकवणी

आषाढ शुद्ध दशमीला मानेवाड्याच्या आपल्या विठ्ठल मंदिरात बुवांचे प्रवचन झाले. पावसामुळे ज्येष्ठ मंडळींना घराबाहेर पडता आले नाही आणि तरुण मंडळी बरीचशी धापेवाड्याच्या वारीला गेली होती. त्यांच्यासाठी हा सारांश. मूळ रेकॉर्डिंग १ तास ५२ मिनिटांचे आहे. नमन, गजर आणि पत्र्यावर पाऊस कोसळत असताना ऐकू न आलेला भाग यात नाही. बुवांनी एकेका चरणाला तीन-तीन, चार-चार दृष्टान्त दिले होते. मी प्रत्येकी एकच ठेवला आहे. ज्याने चरणाचा अर्थ सगळ्यांत जास्त उलगडला, तो. कंसात दिलेले मिनिट रेकॉर्डिंगमधले आहे. ज्यांना बुवांच्या तोंडूनच ऐकायचे आहे, त्यांनी थेट तिथे जावे.

अभंग सगळ्यांच्या ओठांवर असलेला, तुकोबांचा. सहा चरणांपैकी बुवांनी पाच घेतले.

जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले (१४ वे मिनिट)

शिकवण अशी : एखाद्याला ‘आपला’ म्हटले की त्याचा भार आपल्यावर येतो. भार न घेता म्हटलेले ‘आपला’ हे नुसते बोलणे.

दृष्टान्त खुद्द तुकोबांचा. त्यांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात घरची माणसे गेली, व्यापार बुडाला, गुरेढोरे मेली. अशा वेळी लोकांकडून येणे असलेली कर्जखते हाताशी होती. तीच काय ती उरलेली पुंजी. भाऊ कान्होबा म्हणाले, वाटणी करू. तुकोबांनी अर्धी खते भावाच्या हाती ठेवली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. बुवांनी इथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले, ते मला फार मोलाचे वाटले. भावाच्या वाट्याला तुकोबांनी हात लावला नाही. दुसऱ्याच्या पैशाने दया करणे सोपे असते. त्यांनी स्वतःचे बुडवले. हा अभंग लिहिणाऱ्याच्या हातून आधी ते घडले होते आणि म्हणून बुवांच्या मते या चरणात उपदेशाचा सूर लागत नाही.

तोचि साधु ओळखावा । देव तेथेचि जाणावा (३१ वे मिनिट)

साधू कपड्यांवरून, जयजयकारावरून, भोवतीच्या गर्दीवरून ओळखू नये. तो कोणाजवळ बसतो, कशाला हात लावतो, ते पाहावे.

दृष्टान्त गाडगेबाबांचा. आपल्या वऱ्हाडातल्या शेंडगावचे ते, जन्म १८७६ चा. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. अंगावर चिंध्या, हातात गाडगे. आज कीर्तनकार येणार म्हणून गाव वेशीकडे डोळे लावून बसायचे आणि ज्यांची वाट पाहायची, ते सकाळपासून त्यांच्याच दारातला केर काढत असायचे. बुवांनी विचारले, “झाडताना त्या माणसाला तुम्ही पाणी विचारलं असतं का?” मंडपात कोणी बोलले नाही. रेकॉर्डिंगमध्येही ती शांतता ऐकू येते. बाबांनी कोणाला शिष्य केले नाही, हेही बुवांनी सांगितले. पण तो धागा पुढे फार लांबला, म्हणून इथे सोडला आहे.

मृदु सबाह्य नवनीत । तैसे सज्जनाचे चित्त (४७ वे मिनिट)

लोणी वरून मऊ आणि आतूनही मऊ. माणसाचे तसे नसते. आपण वरून मऊ व्हायला लवकर शिकतो. तुकोबांनी ‘सबाह्य’ म्हटले आहे तिथे खरी परीक्षा आहे.

हा दृष्टान्त बुवांच्या लहानपणीचा, काटोलकडचा. वडिलांचा संत्र्यांचा बगीचा होता. तोड जवळ आलेली. रात्री राखणदाराने एक पोरगा पकडून आणला. सदऱ्याच्या ओच्यात सात-आठ संत्री, भीतीने तोंड पांढरे पडलेले. तोडीला येणाऱ्या एका बाईचाच तो मुलगा. वडिलांनी त्याच्यावर हात उगारला नाही. “पोट्ट्या, माग ना. चोरतो काहून?” एवढेच म्हणाले, वरून आणखी चार संत्री दिली आणि घरी पाठवले. चार माणसे होती, सगळ्यांनी वाखाणणी केली.

दुसऱ्या दिवशी तोडीला बाया बोलावल्या, त्यात त्या मुलाच्या आईचे नाव नव्हते. कारण वडिलांनी कोणाला सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. बुवांच्या आजीने मात्र संध्याकाळी जेवायला वाढता वाढता मुलाला म्हटले, “काल तू पोराले संत्री देल्ली अन् आज त्याच्या मायची मजुरी घेतली. हिशोब कोणाच्या अंगावर निघाला, पाह्य.” वडील ताटावरून उठले नाहीत, बोललेही नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः त्या बाईच्या दारात गेले.

प्रवचनातला हा भाग मला सगळ्यांत जड गेला. घरात कोणाला माफ केल्यावर महिनाभर त्याच्याशी जपून, तोलून बोलणारे आपण सगळेच त्यात आहोत.

ज्यासि आपंगिता नाही । त्यासि धरी जो हृदयी (१ तास ६ मिनिटे)

ज्याला सांभाळणारे कोणी नाही, त्याला जवळ करावे. यावर बुवांची शिकवण नेमकी होती. अशा माणसासाठी मोठे काही करण्याआधी त्याच्याजवळ थांबायला शिकावे. वस्तू देऊन निघून जाणारे पुष्कळ भेटतात.

मेव्हण्याला मेडिकलमध्ये दाखल केले होते, तेव्हाची ही गोष्ट बुवांनी डोळ्यांनी पाहिलेली. आपल्या मेडिकलला विदर्भातून येतात तसे छिंदवाडा, बालाघाटकडूनही रुग्ण येतात. शेजारच्या खाटेवर असाच एक म्हातारा होता. नावगाव सांगायचा, पण गावात त्याचे कोणी उरले नव्हते. सिस्टरांनी वॉर्डात विचारले, “यांच्यासोबत कोण आहे?” सगळे आपापल्या रुग्णाकडे पाहू लागले. त्याच वेळी चहाचे रिकामे ग्लास गोळा करायला बाहेरच्या टपरीवाला आला होता. हातात तारेचा स्टँड, त्यात सहा ग्लास. तो म्हणाला, “मी आहे.”

सगळ्यांना वाटले, नातेवाईकच असेल. तसे काही नव्हते. पण त्या दिवसापासून दुपारची गर्दी ओसरली की तो वर यायचा. म्हाताऱ्याच्या हनुवटीखाली आपला दुपट्टा पसरायचा, बिस्किट चहात बुडवायचा, ते पुरते मऊ पडेपर्यंत थांबायचा आणि मग भरवायचा. घशाखाली उतरले की नाही ते गळ्याकडे पाहून ओळखायचा आणि मगच दुसरे बिस्किट. घाई नाही. खाली टपरीवर त्या वेळात पोरगा एकटा. एकदा त्याने म्हाताऱ्याची नखे कापली आणि कापलेली नखे कागदात गोळा करून नेली. बुवा म्हणाले, “मी रोज त्या खाटेच्या शेजारी बसून हरिपाठ म्हणत होतो. म्हाताऱ्याची नखं वाढलेली मला दिसली नव्हती.”

आठ-दहा दिवसांनी म्हातारा गेला. कागदपत्रांचे सोपस्कार त्याच चहावाल्याने केले आणि दोन रिक्षावाल्यांना सोबत घेऊन मोक्षधामलाही तोच गेला. नंतर बुवांनी त्याला विचारले, तुझा कोण होता तो? तो ग्लास विसळत होता. म्हणाला, “कोणीच नाई. पण एकदा म्हटलं ना ‘मी हाव’, मग राहा लागते ना बाप्पा.”

एवढे सांगून बुवा थांबले आणि त्यांनी गजर घ्यायला लावला. या दृष्टान्तावर त्यांनी भाष्य केले नाही, म्हणून मीही करत नाही.

दया करणे जे पुत्रासी । तेचि दासा आणि दासी (१ तास ३१ मिनिटे)

घरी काम करणाऱ्या माणसाशी आपण चांगले वागतो, असे प्रत्येकालाच वाटते. तुकोबांचे माप वेगळे आहे. मुलाला जे द्याल, तेच. तुलना घरातच करायची आणि रोज करायची.

बुवा नवतप्यात नागपुरात एका घरी उतरले होते. बाहेर पारा ४५ च्या वर. यजमानांचा मुलगा कॉलेजातून आला तशी आई धावली. त्याला कूलरसमोर बसवले, वाळा घातलेल्या माठातले पाणी दिले, खिशात ठेवायला कांदा का नेला नाहीस म्हणून रागावली, कैरीचे पन्हे पुढे केले. तेवढ्यात भांडीवाली आली, त्याच उन्हातून, चालत. तिला आईने हसून विचारले, “आज उशीर झाला का गं?” शब्द गोड होते. बाई थेट मागच्या अंगणात गेली. तिथल्या नळाचे पाणी ऊन झालेले. तोटी थोडा वेळ वाहू देऊन तिने ओंजळीने पाणी प्यायले आणि भांड्यांना बसली.

बुवांनी यजमानीणबाईंना दोष दिला नाही. त्या प्रेमळच होत्या. पगार वेळेवर, दिवाळीला साडी. पण त्या घरात पन्ह्याचा जग अर्धा भरलेला होता आणि माठ पाच पावलांवर होता. बुवांनी स्वतः उठून ग्लास भरला आणि अंगणात नेऊन दिला. बाईने दोन्ही हात साबणाचे म्हणून कोपराने खूण केली, तिथे ठेवा. मग मुलगा उठला, त्याने दुसरा पंखा ओढून अंगणाच्या दाराशी लावला. त्याला कोणी सांगितले नव्हते. बुवांच्या मते त्या घरात त्या दिवशी प्रवचन त्या मुलाने केले.

इथे रेकॉर्डिंगमध्ये मागच्या बाजूच्या कोणा ताईंचा आवाज येतो, “आमच्याकडे तर वेगळा कप आहे.” बुवांनी फक्त “माउली, उद्या सकाळी पाहू” म्हटले आणि पुढे गेले. हे वाक्य काढून टाकावे असे दोघांनी सुचवले होते. मी ठेवले आहे, कारण ताई सगळ्यांसमोर बोलल्या आणि त्यासाठी धैर्य लागते.

शेवटचा चरण, ‘तुका म्हणे सांगू किती’, वेळेअभावी राहिला. तो बुवा वद्य एकादशीला संध्याकाळी ५ वाजता घेतील. पूर्ण रेकॉर्डिंग हवे असेल त्यांनी काकड आरतीनंतर मंदिरात पेनड्राइव्ह आणावा. ज्यांना ऐकायला कमी येते, त्यांच्यासाठी हा सारांश मोठ्या अक्षरांत छापून पादुकांशेजारच्या कोनाड्यात ठेवला आहे.