साडेपाचची यादी

पंचवटीतल्या मिसळवाल्यांना सकाळी सातला पाव लागतो, म्हणजे सुमनची भट्टी पहाटे चारला तापलेली हवी. रात्री गिऱ्हाइकं मोबाईलवरून ऑर्डरी टाकत, पहाटे ती बटण दाबे आणि यादी छापून निघे. निदान नवं सॉफ्टवेअर घेताना तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात कागदावर वर बेकरीचं नाव, तारीख आणि खाली सगळं कोरं.

मग अंदाजाने लाद्या लावायच्या. कधी पाव उरून टोस्टला जायचा, कधी वडापाववाले हात हलवत परतायचे.

"रोलच खराब," नवरा म्हणाला. सुमनने कागदावर नख ओढलं, काळी रेघ उठली. रोल ठीक होता. आणि बेकरीचं नाव ठळक छापणारा प्रिंटर खालच्या ऑर्डरींवरच कसा रुसेल? मेकॅनिक मात्र अकराला येई, बटण दाबी, अख्खी यादी निघे. "बघा, काही नाही," म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन जाई.

एका पहाटे वीज गेली. आली तेव्हा पावणेसहा होत आले होते. सुमनने सवयीने बटण दाबलं आणि यादी शेवटपर्यंत छापून आली.

दुसऱ्या दिवशी तिने भट्टी रामदासकडे सोपवली आणि घड्याळ समोर ठेवून बसली. चारला कोरी. पाचला कोरी. पाच एकोणतीसला कोरी. साडेपाच वाजून गेल्यावर भरलेली! तिने सगळे कागद मैद्याच्या फळीवर ओळीने मांडले, तेव्हा कुठे वरची तारीख नजरेत भरली. कोऱ्या कागदांवर कालची होती, भरलेल्यावर आजची.

कालचा माल तर कालच पोचला होता, रात्री हिशेब करताना पोचल्याची खूणही तिनेच केली होती. खूण झालेली ऑर्डर यादीतून जाते. मग कालच्या यादीत उरणार काय?

तिने तिथल्या तिथे सॉफ्टवेअरवाल्या पोराला फोन लावला.

"काकू, एवढ्या पहाटे?"

"तुझ्या मशीनमध्ये अजून रात्र असते का रे? साडेपाचपर्यंत?"

पलीकडे कीबोर्ड वाजला. "अरेच्चा! सर्व्हर `UTC`वर राहिलाय. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. तिथे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाच... थांबा, `Asia/Kolkata` करतो. झालं. उद्या बघा."

"उद्या बघेनच. त्या मेकॅनिकचं बिल तुझ्या नावावर लिहिते."

"लिहा." तो जरा घुटमळला. "काकू, ते दूधवाले बापू आहेत ना, तेही चारलाच यादी काढतात. गेला महिनाभर सांगतायत, कोरी येते म्हणून."

"मग तू काय म्हणालास?"

"चष्मा बदला म्हणालो."